पहिल्या वाक्याची गर्जना

शिवाजी पार्कवरच्या दसरा मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे माईकसमोर आले, की लोक विषयाची नव्हे, एका ठरलेल्या हाकेची वाट पाहत: ‘जमलेल्या माझ्या तमाम हिंदू बांधवांनो, भगिनींनो आणि मातांनो!’ यातली किमया ‘माझ्या’मध्ये आहे. लांबून आलेला, मागच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूसही त्या शब्दाने वक्त्याचा होतो. मग वक्ता थांबतो आणि गर्दी गर्जना करते. शेजारचाही आपल्यासारखाच ओरडतोय, हे ऐकून अनोळखी माणसांचा जमाव होतो. हा थांबा चुकला, घाईने पुढचे वाक्य सुरू झाले, तर ते गोंगाटात बुडते आणि प्रतिसादही अर्धवट विरतो.

मात्र हाकेत कोण आले, यावरून कोण वगळले तेही लोक मोजतात. मार्च २०२४ मध्ये याच मैदानावर उद्धव ठाकरे ‘हिंदू’ऐवजी ‘देशभक्त’ म्हणाले, आणि भाजपने त्या एका शब्दावरूनच त्यांना धारेवर धरले.

आपल्याकडच्या बहुतेक सभा मात्र मंचावरच्या मान्यवरांची नावे घेण्यातच थंड पडतात. वक्त्यांनो, आधी समोरच्यांना हाक मारा, मान्यवर थांबतील.