सांडलं किती, आणि पोचलं कुठवर?

“प्रयोगशाळेत ॲसिड सांडले. साफ केले.” शाळांच्या नोंदवहीत अपघाताची नोंद अनेकदा एवढ्यावरच संपते. ती वाचून कोणालाच काही करता येत नाही. कोणतं ॲसिड, तीव्र की विरल, किती, कुठे, हे तिच्यातून कळतच नाही.

एक प्रसंग घेऊ. अकरावीचं प्रात्यक्षिक चालू आहे. नायट्रेट ओळखण्यासाठी तपकिरी वलयाची चाचणी करायची, म्हणून टेबलावर तीव्र सल्फ्युरिक आम्लाची ५०० मिलीलिटरची बाटली आहे. कोणाचा तरी कोपर लागतो आणि बाटली आडवी होते. उचलेपर्यंत १२० मिलीलिटर सांडतं.

आधी माणसं. ज्याच्या हातावर थेंब उडाले त्याचा हात लगेच नळाखाली धरायचा आणि पंधरा-वीस मिनिटं काढायचा नाही. भिजलेली बाही तेव्हाच उतरवायची. त्वचेवर सोडा चोळायचा नाही, फक्त वाहतं पाणी. डोळ्यात गेलं असेल तर पाण्याने धुणं चालू ठेवूनच दवाखान्याची व्यवस्था करायची. टेबलावरच्या थारोळ्याचं मात्र उलट आहे. त्यावर पाणी ओतायचं नाही. तीव्र सल्फ्युरिक आम्लात पाणी पडलं की इतकी उष्णता निघते की ते उसळून अंगावर उडतं.

आता प्रमाणाकडे येऊ, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. सांडलेलं आम्ल सोड्याने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटने, उदासीन करतात. बाटलीवर ९८ टक्के लिहिलं असेल, तर १२० मिलीलिटरला सुमारे ३७० ग्रॅम सोडा लागतो. तेवढंच आम्ल विरल, म्हणजे 2M असतं, तर ४० ग्रॅममध्ये काम भागलं असतं. फरक नऊपटींहून अधिक आहे. नोंदीत नुसतं ‘सल्फ्युरिक ॲसिड’ लिहिलं, तर कपाटातला १०० ग्रॅमचा डबा पुरेल की नाही हे सांगता येत नाही. म्हणून बाटलीच्या लेबलवरचं नाव आणि टक्केवारी जशीच्या तशी उतरवून घ्यावी. किती सांडलं हे नंतरही काढता येतं. उरलेल्या आम्लाच्या पातळीवर बाटलीला बाहेरून खूण करायची, तशाच रिकाम्या बाटलीत त्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि मोजपात्रात मोजायचं. आधीच्या पातळीतून ते वजा केलं की आकडा मिळतो.

साफसफाईला हातमोजे, चष्मा आणि ॲप्रन घालूनच लागायचं. थारोळ्याभोवती कोरड्या वाळूचा बांध घालायचा. लाकडाचा भुसा, कापूस किंवा कागद वापरायचा नाही, तीव्र आम्ल त्यांना जाळून काळं करतं. मग कडेकडून आत जात थोडा थोडा सोडा भुरभुरायचा. एकदम ओतला तर फेसाबरोबर आम्लाचे तुषार उडतात. एवढ्या आम्लातून शंभर लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि विद्यार्थी बाहेर. नवा सोडा टाकूनही फेस येईनासा झाला की लगदा थोड्या पाण्याने ओला करून बघायचा. पुन्हा फेस आला तर आत आम्ल उरलेलं आहे. तो थांबला आणि निळा लिटमस निळाच राहिला, की प्लॅस्टिकच्या सुपलीने सारं भरून जागा भरपूर पाण्याने धुवायची.

जागेची नोंद करताना सर्वांत जास्त चूक होते. टेबलावर ६० बाय ४० सेंटिमीटर, एवढं लिहून लोक थांबतात. पण आम्ल टेबलाच्या कडेवरून ओघळतं, खणात शिरतं, फरशीच्या सांध्यांत उतरतं. सल्फ्युरिक आम्ल खोलीच्या तापमानाला उडून जात नाही. विरल असलं तरी त्यातलं पाणी तेवढं उडतं आणि मागे राहिलेलं आम्ल अधिक तीव्र होत जातं. दप्तर त्या खणात ठेवणाऱ्या दुसऱ्या तुकडीतल्या मुलीच्या वह्या दोन दिवसांनी पिवळट होऊन कुरकुरीत फाटतात, त्याचं कारण हेच. म्हणून खण, टेबलाची खालची बाजू, स्टुलाचे पाय आणि फरशीचे सांधे ओल्या लिटमसने तपासून, कुठे तो लाल झाला तेही लिहावं.

मग नोंद अशी होते: “तीव्र सल्फ्युरिक आम्ल, ९८ टक्के, सुमारे १२० मिली. टेबल क्र. ३ वर ६० बाय ४० सेंमी, उजव्या खणात आणि खालच्या दोन फरशांवर. वेळ ११.२०. एका विद्यार्थ्याच्या मनगटावर थेंब, २० मिनिटं धुतले, दवाखान्यात पाठवले. वाळूचा बांध, सोडा सुमारे ४०० ग्रॅम. लिटमस तपासणी १२.१५ला, खणात अजून लाल, पुन्हा सोडा व पाणी, १२.४०ला निळा. खण उद्यापर्यंत बंद.”

ती मुख्याध्यापकांकडे त्याच दिवशी जायला हवी आणि एक प्रत प्रयोगशाळा सहायकाकडे राहायला हवी. १२० मिली साठा नोंदवहीतून वजा होतात आणि सोड्याचा डबा पुन्हा भरला जातो. अर्धा किलोपेक्षा कमी सोडा असेल, तर पुढच्या प्रात्यक्षिकाला तीव्र आम्लाची मोठी बाटली टेबलावर येऊ नये. ड्रॉपर लावलेली छोटी बाटली त्या चाचणीला पुरते.