कडेला पंधरा, मधे नऊ

आमच्या तालुक्यातल्या एका वार्ताहराची ही गोष्ट. त्याला पगार नाही, नेमणूकपत्र नाही. दैनिकाचं ओळखपत्र आणि जाहिरातींवरचं कमिशन, एवढ्यावरच त्याचं नातं. सकाळी तोच अंक वाटतो, दुपारी तोच बातमी पाठवतो.

वस्तीकडे जाणारा दोनशे मीटरचा काँक्रीट रस्ता नवा झाला. अंदाजपत्रकात जाडी पंधरा सेंटिमीटर. कडेला टेप लावली की पंधराच भरायची. पुढे नळाच्या पाइपासाठी रस्ता आडवा फोडला, तेव्हा त्यानं मधोमध टेप धरली. नऊ! कडा खोल घ्यायची, मधला मुरूम उंच ठेवायचा, ही जुनी युक्ती आहे. पाहणाऱ्याला कडच दिसते. तीन मीटर रुंद रस्त्यात सगळीकडे असंच असेल, तर जवळपास छत्तीस घनमीटर काँक्रीट कागदावरच राहिलं.

दहा रुपये भरून त्यानं माहिती अधिकारात मोजमाप पुस्तिकेची नक्कल काढली. तिथं सरसकट पंधरा, खाली सही, बिल निघालेलं. एका कापावरून सगळा रस्ता पातळ ठरत नाही, हे तो जाणून होता. म्हणून आरोप न करता टेपचा फोटो आणि पुस्तिकेतली नोंद शेजारी शेजारी दिली.

धमकी कुणीच दिली नाही. चौथ्या दिवशी तालुक्याहून फोन आला, “भाऊ, साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी यंदा तुझ्याकडे नको.” ठेकेदार साहेबांचा माणूस, आणि त्या एका पुरवणीवर याचे चार महिने निघायचे. मग मेव्हण्याचं विहिरीचं बिल ‘त्रुटी’ म्हणून परत आलं. एका संध्याकाळी दूध संस्थेचे अध्यक्ष चहाला आले, पोरीच्या कॉलेजची चौकशी केली आणि उठताना म्हणाले, “रस्ता आपल्याच गावाचा आहे ना?”

यातलं काय घेऊन ठाण्यात जायचं? पत्रकारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रानं 2017 साली कायदा केला, पण तो हल्ल्यासाठी आहे. अडवलेलं बिल आणि गेलेली जाहिरात त्यात बसत नाही. आणि भीती उगाच नसते. छत्तीसगडच्या विजापूरमध्ये रस्त्याच्या कामावर बातमी करणाऱ्या मुकेश चंद्राकर यांचा मृतदेह 3 जानेवारी 2025 रोजी ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाकीत सापडला. ते नाव त्याच्या बायकोला पाठ आहे.

दैनिकानं पुढची बातमी घेतली नाही. त्यानं मात्र दुसरा अर्ज लिहिला. माहिती अधिकारात कामाची पाहणी करता येते, साहित्याचे प्रमाणित नमुनेही मागता येतात. त्यानं मागितलं, रस्त्याच्या मधून तीन ठिकाणी गोल नमुने काढून माझ्यासमोर मोजा. अर्जाला ओळखपत्र लागत नाही. नावाखाली त्यानं ‘वार्ताहर’ लिहिलं नाही, ‘रहिवासी’ लिहिलं, आणि पोच घेऊन घरी आला.