आधी कुणाला बाहेर काढायचं? रुग्णालयातल्या वॉर्डाची आगीची रंगीत तालीम

आज आपण एक असा प्रश्न घेणार आहोत, जो वरवर पाहता अग्निशमन दलाचा वाटतो, पण खरं म्हणजे नीतिशास्त्राचा आहे. वॉर्डाला आग लागली, रुग्ण बारा आहेत, हात कमी आहेत. आधी कुणाला बाहेर काढायचं?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी, भाऊबीजेच्या दिवशी सकाळी, नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. आत सतरा रुग्ण होते, त्यातले अकरा त्याच दिवशी दगावले. त्याच वर्षी ९ जानेवारीला, मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात दहा बाळं गेली, सात वाचली. दोन्हीकडे एक गोष्ट समान होती. आतले रुग्ण स्वतःच्या पायांनी बाहेर पडू शकणारे नव्हते. शाळा किंवा कचेरी रिकामी करण्याची रीत इथे चालत नाही.

आता एक उदाहरण मांडू. समजा, पुणे-सोलापूर रस्त्यावर भांडगावसारख्या गावात एक छोटं रुग्णालय आहे. पहिल्या मजल्यावर बारा खाटांचा वॉर्ड, दोन टोकांना दोन दारं. रात्रीचे दोन वाजलेत. हजर माणसं पाच: दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय मामा, एक मावशी आणि खाली वॉचमन. अग्निशमनाची गाडी दौंडहून किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतून यायची, म्हणजे पहिली काही मिनिटं या पाच जणांचीच आहेत. सहा रुग्ण चालू शकतात. पाच आणि दहा नंबरला व्हीलचेअर लागते. तीन, सात, नऊ आणि अकरा हे अंथरुणाला खिळलेले, त्यातला नऊ नंबर ऑक्सिजनवर. तीन नंबरच्या आजींच्या डोक्यावरचा एसी पेटला.

आपलं मन लगेच म्हणतं, सर्वांत अशक्त असेल त्याला आधी. माणुसकीचं उत्तर आहे, पण इथे ते चुकीचं ठरतं. योग्य क्रम असा. आगीच्या लगत असलेले सर्वांत आधी, मग ते कसेही असोत. म्हणजे दोन, तीन आणि चार नंबर. त्यानंतर चालू शकणारे, मग व्हीलचेअरचे आणि शेवटी खिळलेले. चालणारे सहाही जण एका मावशीच्या मागे मिनिटाभरात निघतात, वाट मोकळी होते आणि मावशीचे हात रिकामे होतात. खिळलेल्या एकाला मात्र दोन माणसं लागतात. त्याच्यापासून सुरुवात केली तर चालणारे धुरात वाट अडवून उभे राहतात. शेवटी ठेवणं म्हणजे सोडून देणं नव्हे. शेवटच्यांसाठी जास्तीत जास्त हात मोकळे करणं, हा त्याचा अर्थ. पण हे पटवून घ्यायची वेळ आगीची नाही. म्हणून तालीम.

दुसरा प्रश्न, न्यायचं कुठे? खाली अंगणात नव्हे. आधी त्याच मजल्यावर, दोन बंद दारांपलीकडच्या वॉर्डात. जिना हा शेवटचा उपाय, लिफ्ट तर नाहीच. धूर माणसाला आगीच्या आधी गाठतो, आणि बंद दार धुराला अडवतं. म्हणून शेवटचा माणूस बाहेर पडला की दार लोटायचं.

आता कामांची वाटणी. थोरल्या सिस्टर रुग्णाला हात लावणार नाहीत, हे ऐकायला विचित्र वाटेल. त्यांनी हाक द्यायची, फोन करायचा, पलीकडच्या दारात रजिस्टर घेऊन उभं राहायचं आणि येणारा प्रत्येक रुग्ण मोजायचा. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा हुकूमही त्यांचाच, कारण तो बंद केला की नऊ नंबरचा ऑक्सिजन थांबतो. आधी त्याला छोट्या सिलिंडरवर घ्यायचं, मग व्हॉल्व्ह. आग ऑक्सिजनच्या तोटीशीच असेल तर मात्र व्हॉल्व्ह लगेच आणि रुग्णाला अंबू बॅग. धाकट्या सिस्टर आणि मामा ही उचलणारी जोडी. वॉचमनने वर येताना विजेचा मेन स्विच पाडायचा, दुसऱ्या दाराचं कुलूप काढायचं आणि एकदाच अग्निशामक वापरून पाहायचा. एका सिलिंडरने आग दबली नाही तर मागे फिरायचं. नातेवाइकांना बाहेर हाकलू नये. एकेक रुग्ण नावाने सोपवावा, नाहीतर ते उलटे आत धावतात.

खिळलेल्या रुग्णाला कसं हलवायचं? खाटेला चाकं असतील आणि दारातून ती जात असेल तर खाटच ढकलायची. म्हणून टेप घेऊन दार आणि कठड्यासकट खाट आधीच मोजावी. जात नसेल तर घोंगडी. खाट खाली करायची, ब्रेक लावायचा, घोंगडी खाटेलगत जमिनीवर पसरायची. सलाईन बंद करून नळी वेगळी करायची, लघवीची पिशवी पोटावर ठेवायची. रुग्णाला कडेला ओढून आधी पाय, मग कंबर, मग खांदे असं खाली टेकवायचं. घोंगडीचं डोक्याकडचं टोक गुंडाळून धरायचं आणि डोकं पुढे ठेवून ओढायचं, म्हणजे डोकं किंचित वर राहतं. आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं आहे. त्यांना गादीसकट उतरवायचं.

तालमीत खरे रुग्ण ओढू नयेत. कर्मचाऱ्यांनीच आडवं व्हावं, किंवा पन्नास किलोचं गव्हाचं पोतं वापरावं. घड्याळ लावावं. समजा, एका रुग्णाला दोन मिनिटं लागली, तर एकाच जोडीला चार जणांसाठी आठ मिनिटं. पण मावशी परतल्यावर तिची आणि वॉचमनची दुसरी जोडी केली, तर हेच काम पाचेक मिनिटांत होतं. ही दुसरी जोडी कागदावर सुचत नाही, घड्याळ लावल्यावर सुचते.

तालीम फसली हे कसं ओळखायचं? सगळे एकाच रुग्णाभोवती गोळा झाले. दुसऱ्या दाराची किल्ली कुणाकडे, हे विचारावं लागलं. वाऱ्यासाठी दाराला लावलेली वीट कुणी काढली नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, मोजणी अकरावर थांबली आणि बारावा बाथरूममध्ये होता. यातलं एक जरी घडलं, तर लागलेला वेळ कितीही चांगला असो, तालीम नापास समजावी आणि त्याच आठवड्यात पुन्हा घ्यावी.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावा लागतो. पण तो दाखला यंत्रांचा आहे. रात्री दोनला पाच माणसं काय करतील, ते त्यातून कळत नाही. म्हणून तालीम दिवसा, सगळा स्टाफ हजर असताना घेतली तर ती एका वेगळ्याच रुग्णालयाची तालीम ठरते. ती रात्रपाळीच्या पाच जणांनीच करायला हवी, कारण क्रम त्यांनाच पाळायचा आहे.