साखळी, गुण आणि भाषेचा सराव

भाषा शिकवणाऱ्या बहुतेक अ‍ॅप्समध्ये विद्यार्थ्यासमोर दोन आकडे सतत असतात. पहिला 'स्ट्रीक'चा, म्हणजे खंड न पडता सलग किती दिवस सराव झाला याचा. दुसरा मिळवलेल्या गुणांचा. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्युओलिंगोसारख्या अ‍ॅपमुळे ही पद्धत आता सर्वपरिचित आहे. हे आकडे नेमके काय मोजतात, ते एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

शेंद्रा किंवा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी उपयोगी पडेल म्हणून जर्मन शिकणारा एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. त्याची साखळी १६० दिवसांची होती. मी त्याला खोलीतील दार, खिडकी आणि टेबल यांची जर्मन नावे लिंगदर्शक उपपदांसह सांगायला सांगितले. तो बराच वेळ दाराकडे पाहत राहिला आणि मग 'दास ट्यूर' म्हणाला. नंतर मी 'देर', 'दी', 'दास' ही तिन्ही उपपदे आणि तिन्ही नामे कागदावर लिहून दिली, तेव्हा त्याने एकही चूक न करता जोड्या लावल्या: देर टिश, दी ट्यूर, दास फेन्स्टर.

त्याची चूक मोठी बोलकी आहे. मराठीप्रमाणे जर्मनमध्येही तीन लिंगे आहेत, त्यामुळे नपुंसकलिंग ही कल्पना मराठी भाषकाला नवी नसते. इंग्रजी किंवा हिंदी भाषकाच्या तुलनेत ही आपली सोय आहे. परंतु कोणते नाम कोणत्या लिंगात, हे दोन्ही भाषांत जुळत नाही. आपले 'ते दार' जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, 'ती खिडकी' नपुंसकलिंगी आणि 'ते टेबल' पुल्लिंगी ठरते. समोर पर्याय नसताना स्मरण अपुरे पडले, की मातृभाषेचे लिंग आपसूक पुढे येते. 'दास ट्यूर'मधील 'दास' हे 'ते दार'मधील 'ते' होय.

ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. पडद्यावरील शब्दपट्ट्या क्रमाने लावताना आपण ओळखतो; बोलताना मात्र आठवावे लागते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. सोप्या सरावाने तत्काळ मिळणारे समाधान म्हणूनच फसवे असू शकते.

गुण या फसवणुकीत भर घालतात. समजा, प्रत्येक पाठाला १० गुण आहेत. परिचित पाठ तीन मिनिटांत होतो, तर नवा, चुका करायला लावणारा पाठ नऊ मिनिटे घेतो. तेवढ्याच वेळात परिचित पाठ तीनदा करणाऱ्याला ३० गुण मिळतात आणि नवे शिकणाऱ्याला १०. साखळीचेही तसेच. दिवस मोजला जाण्यासाठी एक पाठ पुरेसा असेल, तर रात्री पावणेबाराला दमलेला विद्यार्थी सर्वांत सोपा पाठच निवडणार. तो आळशी असतो असे नाही. नियमच त्याला तिकडे नेतो. शिवाय एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. शिकलेले शब्द त्या रात्री नाहीसे झालेले नसतात, तरी पुष्कळ विद्यार्थी याच क्षणी अभ्यास सोडून देतात.

तरीही साखळी निरुपयोगी म्हणता येणार नाही. एकाच दिवशी तीन तास बसण्यापेक्षा तोच वेळ अनेक दिवसांत विभागणे स्मरणाला अधिक पोषक असते, आणि रोज पुस्तकाशी बसण्याची सवय साखळी लावते. ती कोणत्या कृतीला बांधायची, एवढेच आपण ठरवायचे. त्या विद्यार्थ्याला मी सुचवले, की अ‍ॅप उघडण्यापूर्वी कोऱ्या कागदावर आदल्या दिवशीची दहा नामे उपपदांसह आठवून लिहावीत, मगच पडताळावीत. त्याच दिवसाची साखळी आपली मानावी. सात दिवसांनी तीच दहा नामे पुन्हा लिहावीत आणि किती बरोबर आली तो आकडा वहीत टिपावा. अ‍ॅपमधील साखळी गोठवण्याची सोय आठवड्यातून एका सुटीसाठी ठरवून वापरावी. क्रमवारीचे फलक बंद करता येत असतील तर करावेत. ते परिचित पाठांकडेच ओढतात.

पहिल्या आठवड्याअखेर त्याच्या वहीत दहापैकी चार हा आकडा होता. १६० या आकड्यापुढे तो त्याला लाजिरवाणा वाटला. चुकलेल्या सहांपैकी चार नामांना त्याने मराठीचेच लिंग दिले होते, आणि पुढच्या आठवड्यासाठी कोणते शब्द घ्यायचे, ते त्या यादीवरूनच ठरले.