मैत्रिणीला ‘एकत्र नको’ कसं सांगावं?

नाशिकची जवळची मैत्रीण. तिला हिंजवडीत नोकरी लागते आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन येतो : ‘‘अगं, तुझा करार संपतोयच ना? दोघी मिळून टू बीएचके घेऊ. भाडंही निम्मं होईल.’’ तुम्हाला मात्र घरी आल्यावर तासभर कुणाशी बोलायचं नसतं. पहाटे पाचला उठायचं म्हणून रात्री दहाला दिवा बंद करायचा असतो.

अशा वेळी तोंडात पटकन येतं ते ‘घरमालक परवानगी देणार नाही’ किंवा ‘बजेट बसत नाही’. ही कारणं टिकत नाहीत. मैत्रीण तुमच्या भल्याचीच असल्यामुळे ती अडचण सोडवायला धावते : दुसरा एजंट गाठते, भाड्याचा मोठा वाटा उचलायला तयार होते. मग नवं कारण शोधावं लागतं आणि खरं काय ते तिला कळतंच. ‘सध्या नको’ म्हणणं तर अधिक वाईट, कारण ती थांबून राहते.

खरं कारण सांगावं आणि ते स्वतःविषयी असावं. उदाहरणार्थ : ‘‘तू विचारलंस, बरं वाटलं. पण मला घरी एकटीचा वेळ लागतो आणि माझं झोपणं-उठणं फार ठरलेलं आहे. कुणाहीबरोबर राहिले तरी मला ते सांभाळायला जड जातं. म्हणून आपण एकत्र घर नको घेऊया.’’ ‘तुला उशिरापर्यंत जागायची सवय आहे’ असं एक वाक्य जरी त्यात आलं, तरी नकार तिच्यावर ठपका होतो.

ती म्हणेल, ‘‘मी तुझ्या खोलीत येणारच नाही!’’ तिचा शब्द खरा असतो. पण अनोळखी रूममेटपुढे दार लावून घेतलं तर कुणी काही विचारत नाही. मैत्रिणीपुढे लावलं तर ‘काय झालं, रागावलीस का?’ हे विचारलं जाणारच, आणि रोज उत्तर देणं दोघींनाही नकोसं होईल. हेच तिला सांगा. वाद न घालता तेच वाक्य पुन्हा म्हणा.

वेळही पाळायला हवी. भाड्याचा करार बहुधा 11 महिन्यांचा असतो, त्यात अनेकदा लॉक-इनही असतं. दोघींची नावं करारावर आल्यावर एकीला मध्येच निघायचं झालं, तर डिपॉझिटवरून कटुता येते. म्हणून तिने टोकन देण्याआधी, शक्यतो एक-दोन दिवसांत, सांगा. मेसेजवर नको. फोन करा किंवा भेटा, म्हणजे तिला तुमचा आवाज ऐकू येईल.

मदत द्यायची तर तिला शेवट असू द्या. ‘‘घर मिळेपर्यंत पंधरा तारखेपर्यंत माझ्याकडे राहा, शनिवारी आपण बाणेर-वाकडमध्ये फ्लॅट बघू.’’ आणि शनिवारी खरंच तिच्याबरोबर जा.