हार्टब्लीडचा माग: नोंदी किती दिवस ठेवायच्या, पॅकेटे किती दिवस?

7 एप्रिल 2014 रोजी ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधली एक चूक जाहीर झाली. बँका, दवाखाने, सरकारी खाती यांच्या सर्व्हरवर गोपनीय संवादासाठी हेच सॉफ्टवेअर वापरले जात होते. चुकीला ‘हार्टब्लीड’ असे नाव पडले. दुरुस्ती त्याच दिवशी उपलब्ध झाली आणि बहुतेकांनी ती घाईघाईने बसवली. पण चूक मार्च 2012 पासून, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ उघडी होती. त्यामुळे दुरुस्तीनंतर प्रत्येक संस्थेपुढे एकच प्रश्न उरला: या दोन वर्षांत आपल्याकडून कुणी काही चोरून नेले का?

उत्तर शोधायला लोक सर्व्हरच्या लॉगकडे वळले आणि तिथे काहीच सापडेना. वेब सर्व्हर पान मागितल्याची नोंद करतो, पण हा हल्ला पान मागायच्या आधीच, सुरक्षित जोडणी जुळत असतानाच करता येत होता. कनेक्शन जिवंत आहे का हे तपासण्यासाठी एक बाजू दुसरीला थोडा मजकूर पाठवते आणि ‘एवढे बाइट मला परत पाठव’ असे सांगते. या तपासणीला ‘हार्टबीट’ म्हणतात. ओपनएसएसएल सांगितलेला आकडा खरा आहे का हे पाहतच नव्हते. मजकूर काहीच न पाठवता कुणी ‘सोळा हजार बाइट परत कर’ म्हटले, की सर्व्हर आपल्या मेमरीतले शेजारचे सोळा हजार बाइट उचलून देई. त्यात कुणाचा पासवर्ड असे, कुणाची कुकी असे, क्वचित सर्व्हरची गुप्त किल्लीही असे. एका उत्तरात 64 किलोबाइटपर्यंत मेमरी बाहेर जाऊ शकत होती आणि लॉगमध्ये एक ओळही उमटत नव्हती.

अशा वेळी पुरावा उरतो तो नेटवर्कमध्ये, आणि तो दोन प्रकारे साठवता येतो. पहिला प्रकार फ्लो नोंदींचा. सिस्को कंपनीने 1996 च्या सुमारास आपल्या राउटरमध्ये आणलेली ‘नेटफ्लो’ ही पद्धत यात सर्वांत परिचित. दुसरा प्रकार पूर्ण पॅकेट कॅप्चरचा, म्हणजे तारेवरून गेलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा डिस्कवर उतरवून घेण्याचा. सरकारी कचेरीतली आवक-जावक नोंदवही आणि प्रत्येक पत्राची झेरॉक्स यांत जो फरक असतो, तोच इथे आहे.

फ्लोच्या एका नोंदीत पाठवणारा पत्ता, घेणारा पत्ता, दोन्हीकडचे पोर्ट, प्रोटोकॉल, सुरुवात आणि शेवटची वेळ, पॅकेटांची संख्या आणि एकूण बाइट एवढेच असते. मजकूर अजिबात नसतो. नेटफ्लोच्या जुन्या पाचव्या आवृत्तीत अशी नोंद अवघ्या 48 बाइटांत मावते. नोंद एकाच दिशेची असते, म्हणून एका संवादाच्या दोन नोंदी होतात.

आता हार्टब्लीडचा एक हल्ला दोन्ही पद्धतींत कसा दिसेल ते पाहू. चूक जाहीर झाल्यावर ती दाखवण्यासाठी जो छोटा प्रोग्राम सर्वत्र फिरला, तो सर्व्हरला हे आठ बाइट पाठवत असे:

```
18 03 02 00 03 01 40 00
```

पहिला बाइट सांगतो की हा हार्टबीट आहे. पुढचे दोन प्रोटोकॉलची आवृत्ती सांगतात. `00 03` म्हणजे ‘यापुढे तीनच बाइट आहेत’. `01` म्हणजे विनंती. आणि `40 00` म्हणजे ‘मी 16,384 बाइट पाठवतो आहे, ते परत कर’. तीन बाइटांच्या पाकिटात सोळा हजार बाइट असल्याचा दावा कुठल्याही प्रामाणिक प्रोग्रामकडून होणार नाही. पॅकेटे साठवलेली असतील तर तपास करणाऱ्याला हीच विसंगती शोधायची असते, आणि ती सापडली की वाद उरत नाही. त्यामागून सर्व्हरने मोठे उत्तर दिले असेल तर चोरी साधली. हे उत्तर सांकेतिक न होता गेले असेल, तर नेमके काय गेले तेही वाचता येते.

हाच हल्ला फ्लो नोंदीत असा दिसतो: बाहेरच्या एका पत्त्यावरून सर्व्हरच्या 443 पोर्टला काहीशे बाइट आले, सर्व्हरकडून वीसेक हजार बाइट गेले, सारे एकदोन सेकंदांत संपले. एखाद्या वाचकाने संस्थेच्या संकेतस्थळावरचा एक फोटो उघडला तरी हुबेहूब अशीच नोंद होते. वेब सर्व्हर घेतो कमी आणि देतो जास्त, हा त्याचा रोजचाच व्यवहार. तेव्हा एकट्यादुकट्या हार्टब्लीड हल्ल्याबद्दल फ्लो नोंद काहीही सांगू शकत नाही.

मात्र चोर हावरा असेल तर चित्र बदलते. सर्व्हरची गुप्त किल्ली अशी खरोखर काढता येते का, हे पाहण्यासाठी क्लाउडफ्लेअर कंपनीने 11 एप्रिल 2014 रोजी मुद्दाम एक कच्चा सर्व्हर उभा करून जगाला आव्हान दिले. त्याच दिवशी किल्ली निघाली. ती सर्वांत आधी काढणाऱ्याने दिवसभरात किमान 25 लाख विनंत्या पाठवल्या होत्या, दुसऱ्याला सुमारे एक लाख लागल्या. मेमरीचा कुठला तुकडा हाती येईल यावर हल्लेखोराचा ताबा नसतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा मागत राहतो. एका पत्त्यावरून दिवसभर चाललेला एवढा मारा फ्लो नोंदींत डोंगरासारखा दिसतो, मग तो हजारो छोट्या कनेक्शनांतून होवो की एकाच लांबलचक कनेक्शनातून. म्हणजे ‘कुणी हळूच एक पासवर्ड नेला का’ हे फ्लोला सांगता येत नाही, पण ‘कुणी तासन्‌तास सर्व्हर उपसत होते का’ हे सांगता येते. शिवाय दोन वर्षांमागचेही सांगता येते, आणि त्याचे कारण खर्चात आहे.

हिशेब साधा आहे. समजा एखाद्या मध्यम संस्थेच्या इंटरनेट लाइनवर दिवसरात्र मिळून सरासरी 100 मेगाबिट प्रतिसेकंद वाहतूक आहे. म्हणजे सेकंदाला 12.5 मेगाबाइट. प्रत्येक पॅकेट साठवायचे तर दिवसाला सुमारे 1.08 टेराबाइट लागतात, महिन्याला 32 टेराबाइट आणि दोन वर्षांना जवळपास 790 टेराबाइट. त्याच लाइनवर सेकंदाला 200 फ्लो नोंदी होतात असे धरले, तर 48 बाइटांच्या हिशेबाने दिवसाला साधारण 830 मेगाबाइट होतात. दोन वर्षांच्या नोंदी सहाशे गिगाबाइटांत, म्हणजे बाजारातल्या एका साध्या डिस्कवर मावतात. शिवाय पॅकेटांच्या साठ्यात शोध घेणे हे वेगळेच काम असते. शेकडो टेराबाइट नुसते एकदा वाचून काढायलाच दिवस जातात.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत हे खरोखर घडले. तिथे तपासासाठी पॅकेटे साठवून ठेवण्याची जुनी पद्धत होती. हार्टब्लीड जाहीर झाल्यावर संशोधकांनी तो साठा आणि शेजारच्या संशोधन केंद्रांचा साठा चाळला. जाहीर होण्याआधीचा एकही हल्ला त्यांना सापडला नाही. पहिला प्रयत्न दिसला तो 8 एप्रिलला. जगात फार थोड्या संस्था इतके खात्रीचे उत्तर देऊ शकल्या. पण हा साठा 2014 च्या सुरुवातीच्या काही महिन्यांपुरताच होता. 2012 आणि 2013 बद्दल त्याला काहीच सांगता येत नव्हते. पॅकेट कॅप्चरचा सर्वांत मोठा आंधळेपणा मला हाच वाटतो: त्याला दिसते स्वच्छ, पण मागचे फार थोडे.

दुसरा आंधळेपणा सांकेतिकीकरणाचा. जोडणी जुळल्यानंतर केलेला हार्टब्लीड हल्ला सांकेतिक असे. तरीही `18` हा पहिला बाइट आणि पाकिटाचा आकार बाहेरून दिसत असल्याने लहान प्रश्न आणि अवाढव्य उत्तर ही खूण पकडता येई. 2018 मध्ये आलेल्या टीएलएस 1.3 या आवृत्तीत तो बाइटही झाकला गेला. आता बाहेरून सगळी पाकिटे एकसारखी दिसतात, आणि नंतर सर्व्हरची किल्ली हाती आली तरी जुना साठा उलगडत नाही. नागरिकांच्या खासगीपणासाठी हे योग्यच झाले. पण सांकेतिक वाहतुकीचे टेराबाइट साठवून तपासाला मिळणारा लाभ त्यामुळे घटला आहे, हे खर्च मंजूर करणाऱ्यांनी ओळखले पाहिजे.

तिसरी अडचण गळतीची. स्विचवरून वाहतुकीची नक्कल घेताना दोन्ही दिशांची मिळून वाहतूक एकाच पोर्टवर लोटली जाते. एक गिगाबिटची लाइन दोन्ही बाजूंनी भरली की दोन गिगाबिट होतात आणि नक्कल घेणारे पोर्ट जास्तीची पॅकेटे मुकाट टाकून देते. हे ओळखायची खूण आहे: साठ्यात डेटा मिळाल्याची पोच सापडते, पण तो डेटाच सापडत नाही. अशा बेवारस पोचा वाढल्या की कॅप्चर गळते आहे हे नक्की समजावे.

फ्लोच्या बाजूचा मोठा सापळा नमुना घेण्याचा आहे. मोठे राउटर भार हलका करण्यासाठी हजारातले एकच पॅकेट मोजतात. वाहतुकीचे एकूण माप काढायला ते पुरते. तपासाला ते अपुरे पडते, कारण वीस पॅकेटांत उरकलेला हल्ला अशा नोंदींत मुळीच न दिसण्याची शक्यता 98 टक्के असते. शिवाय जुन्या नेटफ्लोत नोंदी राउटरकडून गोळा करणाऱ्या यंत्राकडे पोच न घेता जातात. वाटेत एक पॅकेट हरवले तर तीसपर्यंत नोंदी हरवतात. प्रत्येक पॅकेटवर अनुक्रमांक असतो. त्यात खंड पडलेला दिसला तर तेवढ्या काळाच्या नोंदींवर ‘काही घडले नाही’ असा निष्कर्ष बेतू नये.

या दोन टोकांमधली एक वाट बर्कलीच्याच प्रयोगशाळेतून 2005 च्या सुमारास पुढे आली: प्रत्येक कनेक्शनचे पहिले दहा-वीस किलोबाइट तेवढे ठेवायचे आणि पुढचे सोडून द्यायचे. बहुतेक कनेक्शने तेवढ्यात संपतात, आणि जागा खातात ती मोजकी प्रचंड डाउनलोड. तेवढी वगळली की साठा दहाव्या हिश्शाहूनही खाली येतो. सुरुवातीलाच होणारा हार्टब्लीडसारखा हल्ला यात पुरता पकडला जातो. आधी मोठी फाइल उतरवून मग हल्ला करणारा मात्र निसटतो.

सरकारी नियमांतही हा खर्चाचा हिशेब उमटलेला दिसतो. अमेरिकेने 2021 मध्ये आपल्या केंद्रीय खात्यांना पॅकेटे 72 तास ठेवायला सांगितले आणि इतर बऱ्याच नोंदी वर्षाहून अधिक काळ. आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग 180 दिवस ठेवायचे आहेत. हार्टब्लीड दोन वर्षे उघडे होते, हे लक्षात घेता 180 दिवस तोकडे आहेत. पॅकेटांसाठी त्याहून अधिक मागणे कुणालाच परवडणार नाही. फ्लो नोंदींसाठी मात्र दोन वर्षे म्हणजे एक डिस्क.

तुमची सहकारी बँक, दवाखाना किंवा महाविद्यालय यांचे नेटवर्क ज्याच्या हाती आहे, त्याला तीन गोष्टी विचारा: फ्लो नोंदी किती दिवस राहतात, त्या प्रत्येक पॅकेटाच्या आहेत की नमुन्याच्या, आणि बाहेरून पोचता येणाऱ्या सर्व्हरांची पॅकेटे निदान तीन दिवस तरी साठतात का. पहिले उत्तर वर्षाहून कमी असेल तर नवी डिस्क आजच मागवा.