मुलाखतीनंतरच्या चार ओळी

बॅकएंड डेव्हलपरच्या जागेसाठी पुण्यातल्या एका तरुणाने अर्ज केला, असं समजू. ‘मी मेहनती आहे’ हे त्याच्या कव्हर लेटरमध्ये कुठेच नाही. त्याऐवजी एकच काम आहे: पन्नास ऑर्डरींची यादी दाखवायला प्रोग्राम डेटाबेसला ५१ वेळा विचारत होता, एकदा यादीसाठी आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकासाठी. त्याने ग्राहकांची माहिती एकत्र मागवली आणि ५१ चे २ झाले. असं पत्र वाचणाऱ्याला लगेच प्रश्न सुचतात, आणि पत्राचं खरं काम तेच.

मुलाखतीत मात्र तो अडकला. पैसे भरण्याची एकच विनंती दोनदा आली, तर पैसे दोनदा कापले जाऊ नयेत म्हणून काय कराल? तो म्हणाला, “आधी नोंद आहे का पाहीन, नसेल तर करीन.” घरी जाताना चूक उमगली. दोन्ही विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही नोंद सापडणार नाही आणि पैसे दोनदा जातील.

आभाराच्या ईमेलमध्ये त्याने त्याच दिवशी हे लिहिलं:

“आज वेळ दिल्याबद्दल आभार. माझ्या उत्तरात त्रुटी होती. प्रत्येक व्यवहाराला ग्राहकाकडूनच एक क्रमांक यावा आणि त्या रकान्यावर `UNIQUE` बंधन असावं. मग दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल.”

अशा पत्राने नापास उमेदवार पास होतोच असं नाही. पण त्यात सबबी नकोत, पगाराची चौकशीही नको. आणि दुरुस्ती एकाच उत्तराची करावी. सगळीच उत्तरं पुन्हा लिहिली, तर मुलाखत घेणारा ती वाचणार नाही.